रूम पार्टनर, कूलर आणि मेस: एका इंग्रजी चिठ्ठीचं प्रकरण

सेवाग्रामपासून सायकलने वीस मिनिटांवर आमचं गाव. काकूंच्या घराचा वरचा मजला आम्ही दोघींनी भाड्याने घेतलाय: दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीला लागून संडास-बाथरूम. भाडं नऊ हजार. तिसरी मुलगी लग्न होऊन गेली आणि जागा रिकामी झाली. एप्रिलमध्ये सूतकताई शिकायला जपानहून एक बाई चार महिन्यांसाठी येणार होत्या, त्यांना आमचं घर कुणीतरी सुचवलं. त्यांना मराठी येत नाही, हिंदी चार शब्द. इंग्रजी येतं, पण आमच्यासारखंच, शिकलेलं. त्या येण्याआधी घराचे नियम आणि स्वागत अशी एक चिठ्ठी लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. त्या चिठ्ठीचे चार खर्डे झाले. काय बदललं आणि का, ते इथे मांडते. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच देते.

पहिला खर्डा

पहिला खर्डा दोन पानांचा होता आणि त्यात तेवीस नियम होते. सुरुवात होती, 'वुई आर हॅपी टू वेलकम अवर न्यू रूम पार्टनर.' त्यानंतर 'काइंडली ॲडजस्ट', 'प्लीज मेंटेन डिसेन्सी', 'फूड इज अव्हेलेबल इन द मेस', 'देअर इज ए गुड हॉटेल निअर बस स्टँड', 'लाइट गोज डेली', 'डोंट टच कूलर, करंट कम्स'.

आमच्या स्टाफरूममध्ये हे वाचून कुणी हूं की चूं केलं नसतं. एकही वाक्य आम्हाला चुकीचं वाटलं नाही, आणि खरी अडचण तीच होती. माझी एक मावसबहीण काही वर्षं परदेशात राहून आली आहे. फोनवर तिला वाचून दाखवलं तर ती पहिल्याच ओळीला हसायला लागली. म्हणाली, "पार्टनर म्हणजे तिकडे नवरा नाहीतर प्रियकर. त्या बाईला वाटेल, तुम्ही तिला लग्नाचं विचारताय."

मग तिने एकेक शब्द धरला. मेस म्हणजे पसारा. आपल्या डोक्यात मेस म्हणजे महिन्याचे पैसे भरून दोन वेळा जेवायची जागा. 'पसाऱ्यात जेवण मिळेल' हे वाचून कोण जेवायला जाईल? हॉटेल म्हणजे राहायची जागा. बसस्टँडजवळच्या आपल्या हॉटेलात मिळते तर्री-पोहे आणि चहा. 'लाइट गोज' म्हणजे बल्ब जातो असं वाटेल. आपल्याकडे वीज जाते. 'करंट कम्स' याचा तर अर्थच लागत नाही, करंट म्हणजे त्यांच्याकडे नदीचा ओढही असू शकतो. आणि कूलर? अमेरिकेत कूलर म्हणजे सहलीला बर्फ आणि थंड पेयं न्यायची पेटी. त्या पेटीला हात लावू नका, तिला करंट येतो, असं मी एका पाहुण्या बाईला लिहीत होते.

सोपं इंग्रजी म्हणजे लहान शब्द, असा माझा समज होता आणि पोरांनाही मी तसंच शिकवत होते. पण मेस चार अक्षरांचा आहे आणि त्याच्यासारखा फसवा शब्द नाही. या चिठ्ठीपुरतं मी सोपं ठरवलं ते एवढंच: माझ्या गावाबाहेर कधी न गेलेला अर्थ ज्या शब्दाला चिकटलाय, तो शब्द नको. मेसऐवजी 'ए वुमन नेक्स्ट डोअर कुक्स लंच अँड डिनर. यू पे हर एव्हरी मंथ.' हॉटेलऐवजी 'ए स्मॉल प्लेस दॅट सेल्स टी अँड स्नॅक्स'. कूलरला 'द बिग मेटल फॅन विथ वॉटर इन इट'. लांब झालं खरं, पण दुसरा अर्थ निघायला जागा उरली नाही.

काय आधी पाठवायचं, काय टेबलावर ठेवायचं

दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी एक साधी गोष्ट लक्षात आली. तेवीसपैकी काही नियम ती जपानी बाई घरात आल्यावर वाचून उपयोगच नव्हता.

एक म्हणजे स्टेशन. ती मुंबईहून रेल्वेने येणार होती. आमच्याजवळ दोन स्टेशनं आहेत, वर्धा आणि सेवाग्राम. काही गाड्या एकावर थांबतात, काही दुसऱ्यावर. ते एक वेळ चालून जाईल, दोन्हीकडून ऑटो मिळतो. खरी भीती तिसऱ्या स्टेशनची. गांधीजी 1936 मध्ये ज्या गावात राहायला आले त्याचं नाव सेगाव होतं. गजानन महाराजांचं शेगाव त्याच रेल्वेमार्गावर. टपाल तिकडे जायचं, म्हणून 1940 मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं, असं आमच्याकडे सांगतात. टपालाची भानगड मिटली, पण रेल्वेच्या तिकिटावर ती अजून शिल्लक आहे. सेवाग्रामचा कोड SEGM, वर्ध्याचा WR आणि शेगावचा SEG. मुंबईहून येताना शेगाव आधी लागतं, जवळपास दोनशे किलोमीटर अलीकडे. पाठीवर पिशवी घेतलेली, अक्षरं जुळवत बसलेली परदेशी बाई पहाटे SEG बघून उतरली, तर चूक तिची म्हणता येणार नाही. म्हणून आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर गेलेल्या कागदात हे पहिलं होतं: तिकीट SEGM किंवा WR चंच काढा, SEG चं नाही, आमच्यातली एक जण फलाटावर असेल, निळी ओढणी घेतलेली.

दुसरं, दारू. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. बाहेरच्या माणसाच्या हे ध्यानीमनीही नसतं, आणि यजमानासाठी विमानतळावरून बाटली घेणं हा तर चांगुलपणा. ती घरात पोचल्यावर 'नो अल्कोहोल' असा नियम वाचून दाखवला, तर तिच्या बॅगेत कदाचित ती बाटली असणार आणि तिचं तोंड पडणार. आधीच कळवलं: 'ऑल अल्कोहोल इज अगेन्स्ट द लॉ इन अवर डिस्ट्रिक्ट. प्लीज डू नॉट ब्रिंग एनी, इव्हन ॲज ए गिफ्ट.' शेवटचे चार शब्द मला सुचले नव्हते, मावसबहिणीने घालायला लावले.

तिसरं, पासपोर्ट. परदेशी माणूस घरात राहायला आला की घरमालकाने चोवीस तासांच्या आत त्याची नोंद सरकारी संकेतस्थळावर करायची असते. लोक त्याला सी-फॉर्म म्हणतात. पासपोर्ट आणि व्हिसाची माहिती लागते, फोटो लागतो. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, 'सबमिट पासपोर्ट टू ओनर.' सबमिट म्हणजे जमा करा! स्वतःचा पासपोर्ट कुणाच्या हाती देऊ नये, हे तर प्रवासाला निघालेल्या प्रत्येकाला बजावलेलं असतं. आता वाक्यं अशी झाली: काकूंना तुमच्या पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाचा फोटो लागेल. कायद्याने त्यांना चोवीस तासांत पोलिसांच्या परदेशी नोंदणी विभागाला कळवावं लागतं. पासपोर्ट तुमच्याकडेच राहील. तीन वाक्यांत काय हवं, का हवं आणि काय होणार नाही, तिन्ही आलं. माझ्या मते चिठ्ठीतली आपुलकी इथे होती, वरच्या 'वॉर्म वेलकम'मध्ये नव्हती.

उरलेलं सगळं टेबलावरच्या दुसऱ्या कागदावर गेलं. त्यातूनही बरंच गळलं. 'चपला दाराबाहेर काढा' हा नियम मी ठळक अक्षरात लिहिला होता. जपानमधल्या बाईला! माझी रूम पार्टनर म्हणाली, "अगं, त्या आपल्यालाच शिकवतील." खोडला.

मस्ट किती वेळा

मराठीत आपण हुकूम आणि विनंती यांत फरक करतो तो आवाजाने आणि नात्याने. काकू "लाइट बंद करत जा वो पोरीहो" म्हणतात तेव्हा तो हुकूम, लाड आणि बिलाची काळजी असं सगळं एकदम असतं. कागदावर आवाज नाही, म्हणून मी सगळीकडे 'प्लीज' आणि 'काइंडली' पेरलं होतं. 'काइंडली स्विच ऑफ गॅस' आणि 'काइंडली फोल्ड युअर बेडशीट', दोन्ही एकाच तागडीत. परक्या भाषेत वाचणाऱ्याला कळणार कसं, की एक न पाळल्यास घर उडेल आणि दुसरं न पाळल्यास काकू फक्त नाक मुरडतील?

म्हणून तीन तऱ्हा ठरवल्या. जिवाशी किंवा कायद्याशी गाठ असेल तिथेच 'मस्ट'. आम्ही तिघींनी वाटून घ्यायच्या गोष्टींना 'वुई': पाणी वुई भरतो, वीजबिल वुई तिघींत वाटतो. उरलेल्या चालीरीतींना 'प्लीज' आणि सोबत कारण. मोजले तर 'मस्ट' फक्त तीन निघाले: पासपोर्टचा फोटो, झोपताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करणं आणि कूलर. 'शुड' तर पूर्ण काढून टाकला, कारण तो सल्ला आहे की सक्ती हे वर्गात पोरांनाही मला नीट सांगता येत नाही.

पाण्याचं वाक्य बघा. आधी होतं, 'वॉटर कम्स मॉर्निंग अल्टरनेट डे.' आता: नळाला एक दिवसाआड सकाळी सहा ते सात पाणी येतं. त्या तासात आम्ही टाकी आणि स्वयंपाकघरातले दोन पिंप भरतो. आठवड्यातला एक दिवस तुमचा. कोणता ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं आहे. 'अल्टरनेट डे' चुकीचं नाही, पण आज पाणी आहे की उद्या, हे त्यातून कळत नाही. कॅलेंडरवर निळे ठिपके काढले आणि इंग्रजीचा प्रश्नच मिटला.

बिलाचंही तसंच. नुसतं 'इलेक्ट्रिसिटी एक्स्ट्रा' लिहिलं असतं तर मे महिन्यात भांडण ठरलेलं, कारण आमच्याकडे हिवाळ्यातलं आणि उन्हाळ्यातलं बिल यांचा काही मेळ नसतो. मागच्या डिसेंबरचं बिल 690 आणि मे महिन्याचं 2,460, दोन्ही आकडे लिहिले, तीनने भागून दाखवले: 230 आणि 820. आता त्यात विचारण्यासारखं काही उरलं नाही.

डिसेन्सी म्हणजे काय

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो या एका शब्दाने. 'प्लीज मेंटेन डिसेन्सी.' आम्हा दोघींना त्याचा अर्थ पक्का ठाऊक होता आणि कुणी विचारलं तर सांगायची लाज वाटत होती. शेवटी काकूंनाच विचारलं, तुमचं नेमकं म्हणणं काय.

काकू भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "मले त काई नाई वो. माणसं आले त समोरच्या खोलीत बसा, चहा पाजा. पन रात्री मुक्काम नाई. लोकं मले इचारतात, तुमाले नाई इचारत."

एवढं सरळ होतं ते! चिठ्ठीत लिहिलं: पुरुष मित्र रात्री नऊपर्यंत समोरच्या खोलीत येऊ शकतात. रात्री कुणी पुरुष मुक्कामाला राहत नाही. हा काकूंचा नियम आहे; त्या खाली राहतात आणि गाव प्रश्न त्यांना विचारतं. रूम पार्टनरला हे फार उघडं वाटलं, उद्धट दिसेल म्हणाली. मला उलट वाटतं. 'डिसेन्सी' वाचून माणूस चार महिने अंदाज बांधत राहतो: कपडे, हसणं, उशिरा येणं, नक्की काय? नियम कुणाचा आणि का, हे सांगितलं की वाचणारीला तो पटला नाही तरी पाळता येतो. आणि तो पटायलाच हवा असा माझा आग्रह नाही. मलाही सगळा पटत नाही.

कूलरचं वाक्य

आता ज्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं ते. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि कूलरशिवाय झोप नाही. आमचा कूलर लोखंडी पत्र्याचा, वाळ्याच्या जाळ्यांचा. पाण्यात पंप बुडलेला असतो, त्याच्या वायरचं आवरण जुनं झालं की वीज पत्र्यात उतरते. घराला अर्थिंग नीट नसेल, प्लग दोन पिनांचा असेल, तर त्या विजेला जमिनीत जायला आपल्या अंगाशिवाय वाट नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाणी भरणारा माणूस म्हणजे तयार वाट. दर उन्हाळ्यात आमच्या भागात अशा बातम्या येतात.

आमचा उपाय म्हणजे पाठ झालेली शिस्त: नुसतं बटण नाही, प्लगच काढायचा, कारण जुन्या वायरिंगमध्ये कधी बटण न्यूट्रलवर बसवलेलं असतं आणि ते बंद असूनही पंपापर्यंत वीज असते. पायात रबरी चप्पल. मग पाणी. चौथ्या खर्ड्यात हे असं उतरलं: 'द मेटल बॉडी कॅन गिव्ह यू ॲन इलेक्ट्रिक शॉक. इट कॅन किल. यू मस्ट पुल आऊट द प्लग बिफोर यू ॲड वॉटर.'

खर्डा तपासायला मी शेजारच्या दहावीतल्या मुलीला बसवलं. तिला अर्थ विचारला नाही. अर्थ विचारला की पोरं मान डोलावतात. विचारलं, "हे वाचून तू काय करशील, करून दाखव." गॅसचं वाचून ती उठली आणि रेग्युलेटर फिरवला. पाण्याचं वाचून कॅलेंडरसमोर गेली. कूलरचं वाचून प्लग काढला. मी खूश.

मग आठवडाभर आधीच्या मेसेजला त्या जपानी बाईचं उत्तर आलं. टेबलावरचा कागदही मी तिला फोटो काढून पाठवला होता. तिने फार नम्रपणे एकच प्रश्न विचारला होता: हा पंखा माणूस मारू शकतो हे तुम्हाला माहीत आहे, तर तो दुरुस्त होण्यासारखा नाही का?

मी तो मेसेज दोनदा वाचला. 'कूलरला करंट येतो' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय, 'आज ऊन फार आहे' या सुरात. त्यात 'इट कॅन किल' असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. माझ्याच इंग्रजीने ते पहिल्यांदा सरळ म्हटलं, आणि सरळ म्हटल्यावर ते नियम म्हणून टिकेना.

इलेक्ट्रिशियन दुसऱ्या दिवशी आला. टेस्टर पत्र्याला लावला तर दिवा मंद पेटला. पंप बदलला, तीन पिनांचा प्लग लावला, पत्र्याला अर्थची वायर जोडली. अंगणात खड्डा करून नवं अर्थिंग घातलं आणि मीटरजवळ तीस मिलिअँपियरची आरसीसीबी बसवली. वीज वाट चुकून कुठे झिरपायला लागली की ती क्षणात पुरवठा तोडते. काकू आधी खर्चाला कुरकुरल्या: "इतके वर्सं कोनाले काई झालं नाई." मग स्वतःच म्हणाल्या, मागच्या वर्षी नातवाला झिणझिण्या आल्या होत्या. निम्मा खर्च त्यांनी दिला, निम्मा आम्ही.

प्लग काढायची ओळ मात्र मी ठेवली. पंप पुन्हा जुना होईल आणि आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायला आम्ही विसरू, हे मला आमच्याबद्दल माहीत आहे. फक्त 'इट कॅन किल' काढलं आणि कारण लिहिलं: पाणी आणि वीज जवळजवळ आहेत म्हणून.

आल्यानंतर

ती बरोबर SEGM ला उतरली. फलाटावर निळी ओढणी शोधत होती, आणि त्या दिवशी निम्म्या फलाटाने निळं घातलं होतं. ती खूण पुढच्या वेळी बदलायची. बाटली आणली नाही, हिरव्या चहाचे पुडे आणले. नोंद त्याच संध्याकाळी काकूंच्या मुलाने भरली.

चिठ्ठीत एक चूक तरीही राहिली, आणि ती नियमांत नव्हती, स्वागतात होती. शेवटी मी लिहिलं होतं, 'काकू लाइक्स कंपनी. यू कॅन गो डाऊन फॉर टी एनी टाइम.' काकू खरंच असं म्हणाल्या होत्या: "कवाबी ये म्हनाव तिले." तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता ती पुड्यातला चहा घेऊन खाली गेली. एप्रिलमधली दुपार, खिडक्यांना ओले पडदे लावलेले, काकू जमिनीवर गाढ झोपलेल्या. दार वाजलं तशी घाबरून उठल्या, कुणाचं काय झालं म्हणून. चहा झाला. दोघी हातवारे करत बोलल्याही. पण संध्याकाळी काकूंनी मला जिन्यात गाठलं.

"तो कागद आन इकडे," म्हणाल्या. "कवाबी खोड. चारनंतर म्हन."

'एनी टाइम' खोडून 'आफ्टर फोर' केलं. काकूंना इंग्रजी वाचता येत नाही, तरी त्यांनी बोट ठेवून आकडा कुठे लिहिलाय ते बघितलं, आणि शेजारी घड्याळ काढायला लावलं.